न्यू जर्सी ते पुणे, उन्हाळ्याच्या सुट्टीत: विमान तिकिटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी शाळा सुरू झाल्या की सप्टेंबरपासून ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो, "अगं, पुढच्या जूनची तिकिटं आत्ताच काढू का?" प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे. एडिसनमध्ये राहणारं चौघांचं कुटुंब, दोन शाळकरी मुलं, घर पुण्यात आणि साल २०२७. टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात राहत असाल तर तारखा बदलतील, गणित तेच राहील.

१. "लवकर काढा" सगळेच सांगतात. पण लवकर म्हणजे नक्की कधी?

विमान कंपन्या आपलं वेळापत्रक विक्रीसाठी साधारण ३३० दिवस आधी उघडतात, काही ३५५ दिवसांच्या आसपास. त्याआधी तुम्ही कितीही उत्साही असलात तरी विकत घ्यायला काही नसतं.

यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. जायचं-यायचं तिकीट एकत्र हवं असेल तर परतीची तारीखही त्या खिडकीत यावी लागते. समजा २४ जून २०२७ ला निघायचं आणि १९ ऑगस्टला परतायचं आहे. ३३० दिवसांच्या हिशेबाने जायचं विमान २९ जुलै २०२६ ला दिसू लागेल, परतीचं मात्र २३ सप्टेंबर २०२६ ला. म्हणजे ऑगस्टमध्ये "अजून काही दिसतच नाही" म्हणून घाबरायचं कारण नाही.

पहिल्याच दिवशी झडप घालावी असंही नाही. सुरुवातीला लावलेले भाव बऱ्याचदा चढे असतात. चौघांसाठी आणि ऐन गर्दीच्या तारखांसाठी मी ऑक्टोबर ते जानेवारी हा काळ धरते. आधी गूगल फ्लाइट्सवर त्या तारखांना भाव-सूचना लावून ठेवते आणि दोन-तीन आठवडे नुसती बघते. नेहमीचा भाव काय आहे हे डोळ्यांत बसलं की खाली आलेला भाव ओळखता येतो. फेब्रुवारीच्या पुढे मात्र थांबत नाही. एकट्याला मे महिन्यातही काहीतरी मिळून जातं. एकाच विमानात चार जागा, त्याही बऱ्या भावात, मिळणं तेव्हा अवघड असतं.

२. शाळेची शेवटची तारीख अजून नक्की नाही. तिकीट कशाच्या भरवशावर काढू?

न्यू जर्सीत शाळेचे किमान १८० दिवस भरावे लागतात. हिवाळ्यात बर्फामुळे ठरलेल्यापेक्षा जास्त सुट्ट्या झाल्या तर बऱ्याच ठिकाणी त्या जूनच्या शेवटी जोडल्या जातात. त्यामुळे कॅलेंडरवर शाळा १८ जूनला संपत असली तरी प्रत्यक्षात ती २२ किंवा २३ जूनपर्यंत लांबू शकते, आणि हे कळतं मार्च-एप्रिलमध्ये.

मी गेल्या दोन-तीन वर्षांचं कॅलेंडर काढून शाळा प्रत्यक्षात कधी संपली ते बघते आणि त्यातल्या सर्वांत उशिराच्या तारखेनंतर दोन दिवस सोडते. आपल्या उदाहरणातली २४ जून अशीच आली आहे. शेवटचे दोन दिवस शाळेत पिझ्झा आणि सिनेमाच असतो हे खरं, पण मुलं पाचवीतून किंवा आठवीतून बाहेर पडत असतील तर निरोप समारंभ नेमका त्याच दिवसांत येतो. तो चुकला तर विमानातले पंधरा तास तुम्हाला त्यावरच ऐकावं लागेल.

टेक्सासमध्ये शाळा मेच्या शेवटी संपते आणि ऑगस्टच्या मध्यावर उघडते. त्यांनी हीच पद्धत महिनाभर अलीकडे ओढायची.

३. कोणत्या तारखा सर्वांत महाग असतात? चार दिवस इकडेतिकडे केले तर फरक पडतो का?

पडतो, आणि परतीच्या बाजूला जास्त. ईशान्य अमेरिकेतून जाताना शाळा सुटल्यापासून ४ जुलैपर्यंत गर्दी असते. येताना ऑगस्टच्या मध्यापासून लेबर डेपर्यंत. सगळ्यांनाच शाळा उघडायच्या आधीचा शेवटचा शनिवार-रविवार हवा असतो. परतीची तारीख आठवडाभर अलीकडे घेतली की भाव उतरतो, आणि मुलांना झोपेचं घड्याळ जुळवायलाही वेळ मिळतो.

जाताना लवचीक राहता येत असेल तर ५ ते १० जुलैच्या दरम्यानचे दिवस बघा. त्यात दीड-दोन आठवडे कमी मिळतात, पण चौघांच्या तिकिटांत वाचलेल्या पैशांत कोकणात चार दिवस राहून होतं.

आता वाईट बातमी. महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात (विदर्भात उन्हामुळे महिन्याच्या शेवटी). म्हणजे न्यू जर्सीची मुलं पुण्यात पोचतात तेव्हा चुलत-मामे भावंडं गणवेशात असतात आणि हापूस केव्हाच संपलेला असतो. तिकिटाच्या तारखा कशाही फिरवल्या तरी यावर उपाय नाही. म्हणून मी परतीची तारीख सणाकडे बघून ठरवते. २०२७ मध्ये रक्षाबंधन १७ ऑगस्टला आहे. त्या दिवशी सगळी भावंडं एका घरात सापडतात, म्हणून परतीला १९ ऑगस्ट. १८ का नाही, ते प्रश्न ९ मध्ये.

४. थेट विमान घ्यावं की एक थांबा?

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील आणि परवडत असेल तर थेट. न्यूयॉर्क परिसरातून मुंबईला साधारण पंधरा-सोळा तास लागतात, एकदा बसलं की उतरायचं मुंबईलाच. पण थेट विमानं मोजकी असतात आणि ती कधी चालू, कधी बंद होतात. युद्धं आणि बंद हवाई हद्दी यांचा सर्वांत जास्त फटका याच लांब मार्गांना बसतो. २०२२ पासून अमेरिकी कंपन्या रशियावरून उडत नाहीत. एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांना पाकिस्तानची हद्द बंद झाली आणि त्यांचे मार्ग लांबले, काही विमानांना इंधनासाठी वाटेत उतरावं लागलं. म्हणून "थेट" असं लिहिलेलं असलं तरी एकूण तास बघा.

एका थांब्याचे दोन मुख्य पर्याय आहेत, युरोप किंवा आखात. आखातातून पुढचं विमान तीन-साडेतीन तासांचं असतं, म्हणजे लांबचा पल्ला आधी आणि छोटा नंतर. युरोपमार्गे दोन्ही तुकडे साधारण सारखे, सात-आठ आणि आठ-नऊ तासांचे. माझी मुलं लहान होती तेव्हा मला युरोप बरा वाटायचा, मध्येच पाय मोकळे होतात. आता ती सिनेमे बघत बसतात, त्यांना काहीही चालतं. भारतीय पासपोर्ट असेल तर युरोप निवडण्याआधी प्रश्न १३ वाचा.

आखातही बिनधोक आहे असं नाही. २३ जून २०२५ ला, म्हणजे अगदी सुट्टीच्या तोंडावर, इराणच्या क्षेपणास्त्र हल्ल्यामुळे कतारची हवाई हद्द काही तास बंद होती आणि दोह्याकडे निघालेली विमानं भलतीकडे वळवावी लागली. अशा वेळी पुढची सोय तुमच्या कंपनीने करायची की तुम्ही, हे तिकीट एक आहे की दोन यावर ठरतं. तो पुढचा प्रश्न.

दोन थांबे मात्र घेऊ नका. दीडशे डॉलर वाचतात आणि सामान हरवायची संधी दुप्पट होते.

५. न्यूयॉर्क–लंडन एका कंपनीचं आणि लंडन–मुंबई दुसऱ्या कंपनीचं, असं वेगवेगळं काढलं तर खूप स्वस्त पडतंय. काढू का?

कुटुंबासाठी नाही. एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच आरक्षण क्रमांकाखाली, दोन्ही विमानं असली तर पहिलं उशिरा आल्यामुळे दुसरं चुकल्यास तुम्हाला पुढे पोचवणं कंपनीची जबाबदारी असते. दोन वेगळी तिकिटं असली तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेले प्रवासी असता. नवीन तिकीट त्या दिवसाच्या भावाने, गुणिले चार. शिवाय सामान मध्ये उतरवून घेऊन पुन्हा द्यावं लागतं, त्यासाठी त्या देशात शिरावं लागतं, आणि त्यासाठी व्हिसा लागू शकतो.

काही संकेतस्थळं अशी जोडाजोड स्वतःच करून दाखवतात. यादीत Self transfer असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तेवढं बघून पुढे सरका.

६. मधला थांबा किती तासांचा असावा?

चौघांसाठी अडीच ते चार तास. संकेतस्थळ ७० मिनिटांचा थांबाही विकतं, कारण कागदावर तो नियमात बसतो. पण एका मुलाला स्वच्छतागृहात जायचं असतं, दुसऱ्याचा बूट सापडत नसतो आणि सुरक्षा तपासणी पुन्हा व्हायची असते. सहा तासांपेक्षा जास्त असेल तर मुलं खुर्च्यांवर आडवी होतात आणि खाण्यावर इतका खर्च होतो की वाचवलेले पैसे तिथेच जातात.

एक अपवाद अबू धाबी. अमेरिकेकडे येताना तिथेच अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम तपासणी होते. न्यूयॉर्कला उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे थेट सामानाच्या पट्ट्याकडे जाता, हा मोठा आराम. पण ती रांग अबू धाबीत लागते, म्हणून परतीचा थांबा तिथे किमान तीन तासांचा धरा.

७. एका माणसाचं शोधलं तर स्वस्त दिसतं, चौघांचं शोधलं की प्रत्येकी भाव वाढतो. फसवणूक आहे का?

फसवणूक नाही, पण कळलं नाही तर पैसे जातात. एकाच वर्गातल्या जागा कंपनी वेगवेगळ्या भावांच्या कप्प्यांत ठेवते. समजा १,४०० डॉलरच्या कप्प्यात दोनच जागा उरल्या आहेत आणि पुढचा कप्पा १,६५० चा आहे. तुम्ही चार जागा मागितल्या की यंत्रणा चौघांनाही बसवेल असा कप्पा शोधते, म्हणजे १,६५० चा. एकूण ६,६०० डॉलर. तेच दोन-दोनचं शोधलं तर पहिले दोघं २,८०० मध्ये आणि दुसरे दोघं ३,३०० मध्ये, एकूण ६,१००. मुलांना वेगळं भाडं असेल तर आकडे बदलतील, पण चाल हीच.

म्हणून शोधताना आधी एक, मग दोन, मग चार प्रवासी टाकून बघा. भाव सारखाच राहिला तर चौघांचं एकत्र काढा. फरक पडला तर दोन आरक्षणं करा, प्रत्येकात एक मोठा आणि एक मूल. मग कंपनीला फोन करून दोन्ही आरक्षणं एकमेकांशी जोडल्याची नोंद करून घ्या आणि जागा लगेच शेजारी निवडा. तोटा हा की विमान रद्द झालं तर यंत्रणा दोघांना एका विमानात आणि दोघांना दुसऱ्या विमानात टाकू शकते. नोंद असली तरी ती माणसाने वाचावी लागते. फरक शंभर-दीडशे डॉलरचा असेल तर मी ही भानगड करत नाही.

८. थेट कंपनीकडून काढावं, एजंटकडून, की स्वस्त संकेतस्थळावरून?

इतके महिने आधी काढत असाल तर थेट कंपनीकडून. आठ-नऊ महिन्यांत काहीतरी बदलणारच, आणि बदललं की तिकीट ज्याने विकलं त्याच्याकडेच जावं लागतं. एका वर्षी मी प्रत्येकी साठ डॉलर वाचवायला एका स्वस्त संकेतस्थळावरून तिकिटं काढली. मार्चमध्ये विमानाची वेळ बदलली. कंपनी म्हणे विक्रेत्याशी बोला, विक्रेता म्हणे कंपनीशी बोला. मी दोन संध्याकाळी फोन कानाला लावून पोळ्या केल्या. ओळखीचा, फोन उचलणारा एजंट असेल तर गोष्ट वेगळी. अशा काही जणांकडे कंपनीच्या संकेतस्थळावर न दिसणारे भावही असतात.

थेट काढण्याचा आणखी एक फायदा आहे. अमेरिकेतून सुटणाऱ्या किंवा अमेरिकेला येणाऱ्या विमानांसाठी, प्रवासाच्या किमान सात दिवस आधी कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट २४ तासांत दंडाशिवाय रद्द करता येतं, किंवा मग कंपनी पैसे न घेता तेवढा वेळ भाव धरून ठेवते. कंपनी यातलं कोणतं देते ते आधी बघा. हा अमेरिकी वाहतूक खात्याचा नियम आहे. विक्रेत्यांवर तो बंधनकारक नाही. त्या २४ तासांत नवऱ्याच्या रजेची, शाळेच्या तारखेची आणि पासपोर्टवरच्या नावांची शांतपणे खात्री करून घ्या.

नावांवरून आठवलं. आपल्याकडे पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचं नावही असतं. तिकिटावर ते `AARAVSACHIN` असं चिकटून छापलं जातं आणि लोक घाबरून फोन करतात. ते बरोबर आहे. चूक तेव्हा होते, जेव्हा पासपोर्टात वडिलांचं नाव आहे आणि तुम्ही तिकिटावर ते गाळलंत, किंवा लग्नानंतरचं आडनाव तिकिटावर आणि माहेरचं पासपोर्टात राहिलं.

९. परतीचं विमान १९ तारखेला पहाटे २:३० ला आहे. मग पुण्याहून १९ ला निघायचं ना?

नाही, १८ ला. दरवर्षी एक तरी घर यात फसतं. मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि तिकिटावरची तारीख त्या पहाटेची असते. १९ ऑगस्ट, पहाटे २:३० याचा अर्थ १८ ऑगस्टची रात्र. विमानतळावर रात्री १०:३० ला पोचायचं, म्हणून पुण्याहून दुपारी ४ च्या सुमारास निघायचं. एरवी गाडीने तीन-चार तास लागतात, पण ऑगस्टमध्ये घाटातला पाऊस आणि मुंबईत शिरतानाची गर्दी धरून सहा मोजते.

आता १८ ऑगस्ट का टाळली ते सांगते. १८ चं पहाटेचं विमान घेतलं असतं तर १७ ला दुपारीच घर सोडावं लागलं असतं. राखीचा दिवस बॅगांच्या वजनकाट्यावर गेला असता.

तिकीट काढताच कॅलेंडरवर "घर सोडायची तारीख" वेगळी लिहा. तिकिटावरची तारीख लिहू नका.

१०. मुंबईला उतरून पुण्याला पुढचं विमान घ्यावं की टॅक्सी?

टॅक्सी. परदेशातून आल्यावर सामान पहिल्या भारतीय विमानतळावर ताब्यात घेऊन कस्टममधून न्यावं लागतं आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यावं लागतं. वेगळं तिकीट असेल तर देशांतर्गत मर्यादा लागते, ती बहुतेक ठिकाणी माणशी १५ किलो असते. अमेरिकेहून तुम्ही प्रत्येकी ४६ किलो आणलेलं असतं. उरलेल्याचे पैसे किलोवर भरावे लागतात.

आता यात नवा खड्डा पडला आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झाला. तुमचं परदेशातून येणारं विमान सहारला, टर्मिनल २ वर उतरत असेल आणि पुढचं देशांतर्गत विमान उलव्याहून असेल, तर मध्ये अख्खी मुंबई ओलांडायची आहे. संकेतस्थळावर दोन्ही ठिकाणी मुंबई असंच लिहिलेलं दिसतं. अक्षरं बघा, जुन्या विमानतळाची `BOM` आणि नव्याची `NMI`.

उतरायची वेळ निवडता येत असेल तर पहाटे ४ ते सकाळी ९ मधली घ्या. रात्री १२ ला उतरलात तर रस्ता रिकामा मिळतो, पण ड्रायव्हरचीही झोपेची वेळ असते, आणि घाटात ते नको. जुलैत पावसामुळे उशीर होतच असतो. जुलै २०१९ मध्ये एक विमान मुसळधार पावसात धावपट्टीच्या पुढे गेलं आणि मुख्य धावपट्टी काही दिवस बंद होती. म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मुंज, साखरपुडा असलं काही ठेवू नका.

घर गोव्यात असेल तर तिथेही दोन विमानतळ आहेत, दाबोळी आणि मोपा. सासष्टीत जायचं असून मोपाचं तिकीट काढलंत तर जिल्हा बदलतो.

११. सामान किती नेता येतं? स्वस्त भाड्यात फरक असतो का?

अमेरिका–भारत मार्गावर पूर्वी डोळे झाकून माणशी २३ किलोच्या दोन बॅगा धरायचो. आता तसं धरू नका. एकाच विमानात दोन-तीन प्रकारची भाडी असतात, आणि युरोपीय कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त भाड्यात कधी एकच बॅग असते, कधी एकही नाही. भाव तुलना करताना सगळीकडे दोन बॅगा धरून करा. नव्वद डॉलरने स्वस्त दिसणारं तिकीट मग महाग ठरतं. पैसे भरण्याआधीच्या पानावर प्रत्येक प्रवाशासमोर बॅगा लिहिलेल्या असतात, त्याचा फोटो काढून ठेवा.

जाताना बॅगा चॉकलेटने भरतात आणि येताना भाजणी, गोडा मसाला आणि आईने दिलेल्या भांड्यांनी. येताना नेहमी जड होतात, कारण पितळ.

१२. बाळ प्रवासातच दोन वर्षांचं होणार आहे. कोणतं तिकीट काढू?

वय तिकीट काढायच्या दिवशी नाही, प्रत्येक विमानाच्या दिवशी मोजतात. दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर नेता येतं आणि आंतरराष्ट्रीय मार्गावर त्याला साधारण मोठ्याच्या भाड्याच्या दहा टक्के पडतात. २४ जूनला बाळ २३ महिन्यांचं असेल आणि जुलैत वाढदिवस असेल, तर परतीला त्याला स्वतःची जागा लागते. काही कंपन्या जाताना बाळ आणि येताना मूल असं एका तिकिटात करतात, पण संकेतस्थळावर ते जमत नाही, फोनच करावा लागतो. जमत असेल तर दोन्ही वेळेला जागाच घ्या. पंधरा तास मांडीवर ठेवायचं तर २३ महिन्यांचं बाळही जड असतं.

आणखी लहान, सहा-आठ महिन्यांचं बाळ असेल तर समोरच्या भिंतीला लावायचा पाळणा मिळतो. त्या जागा थोड्या असतात, म्हणून तिकीट काढल्याच्या दिवशीच मागून ठेवा.

१३. तिकिटाआधी कागदपत्रांचं काय बघू?

चौघांचे पासपोर्ट टेबलावर ठेवा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने मुदत उरते ना ते बघा. अमेरिकेत सोळा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, आणि तो नेमका प्रवासाच्या वर्षी संपतो. मुलाचा नवा पासपोर्ट निघाला की ओसीआयच्या संकेतस्थळावर त्याची प्रत आणि नवा फोटो चढवावा लागतो. त्याला शुल्क नाही, पण वेळ लागतो, म्हणून मेमध्ये नाही, फेब्रुवारीत करा.

ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आणि एच-१बी आहे त्यांचा प्रश्न वेगळा आहे. पासपोर्टातला व्हिसा संपला असेल तर भारतातल्या वकिलातीत जाऊन नवा घेतल्याशिवाय परतता येत नाही. मुलाखतीची तारीख आणि पासपोर्ट परत मिळायची तारीख तुमच्या हातात नसते. अशांनी परतीची तारीख बदलता येईल असंच भाडं घ्यावं, थोडं महाग पडलं तरी. आणि मार्ग ठरवताना हेही बघा: भारतीय पासपोर्टवर लंडनसारख्या ठिकाणी नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागू शकतो. वैध अमेरिकी व्हिसा असला की सहसा सूट असते, पण जाताना तुमचा व्हिसा संपलेला असेल तर तीच सूट जाते. दुबई, दोहा, अबू धाबीत विमानतळाबाहेर न पडता एकाच तिकिटावर पुढे जात असाल तर व्हिसा लागत नाही. नुसत्या व्हिसा-स्टॅम्पिंगसाठी आखातातून जाणारी कित्येक घरं मला माहीत आहेत.

१४. नवऱ्याला तीनच आठवडे रजा आहे. मी आणि मुलं आठ आठवडे राहणार. एकत्र काढायचं कसं?

एका आरक्षणात परतीच्या दोन तारखा बसत नाहीत. पहिल्यापासूनच दोन आरक्षणं करा, तुमचं आणि मुलांचं एक, त्याचं एक. जाताना एकच विमान निवडा आणि प्रश्न ७ मध्ये सांगितल्यासारखी नोंद करून घ्या. आधी एकत्र काढून नंतर त्याची तारीख बदलू, असं करू नका. तारीख बदलायचे पैसे आणि भाड्यातला फरक दोन्ही द्यावे लागतात. सुट्टीच्या मोसमात तो फरक मोठा असतो. त्याला जुलैच्या मध्यावर परतायचं असतं, तेव्हा अमेरिकेकडची गर्दी नसते, म्हणून त्याचं तिकीट बहुतेक तुमच्यापेक्षा स्वस्तच निघतं.

मुलांसोबत एकच पालक असेल तेव्हा दुसऱ्याच्या सहीचं, नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा. मला आजवर एकदाच विचारलं, तेही परत येताना, पण तेव्हा ते होतं म्हणून दोन मिनिटांत सुटले.

१५. सहा महिने आधी काढलं आणि आता कंपनीने वेळच बदलली. काय करू?

आधी मेलमधलं "स्वीकारा" हे बटण दाबू नका. दाबलं की बऱ्याचदा तुमचा हक्क संपतो. नवा थांबा किती उरला ते मोजा. पूर्वी तीन तास होते आणि आता ५० मिनिटं असतील तर कंपनीला फोन करा. त्याच दिवसाचं किंवा आदल्या-दुसऱ्या दिवसाचं दुसरं विमान आधी स्वतः शोधून ठेवा आणि त्याचा क्रमांक सांगून तेच मागा. "काहीतरी चांगलं द्या" म्हटलं की जे समोर असेल ते मिळतं.

अमेरिकेतून किंवा अमेरिकेला जाणाऱ्या प्रवासात, सुटायची वेळ सहा तास किंवा जास्त अलीकडे आली, पोचायची वेळ तेवढीच पुढे गेली, थांबे वाढले किंवा विमानतळ बदलला, तर ते मोठे बदल धरले जातात. नवा पर्याय तुम्ही नाकारलात तर पूर्ण पैसे परत मिळतात, व्हाउचर घ्यायची सक्ती नाही. पण पैसे परत घेण्याआधी आजचा भाव बघा. एप्रिलमध्ये परत मिळालेल्या पैशांत जूनची चार तिकिटं सहसा येत नाहीत.

१६. परत येताना आई-बाबांना बरोबर आणायचं आहे. त्यांचं तिकीट आमच्यासोबत काढता येईल का?

तुमच्या आरक्षणात नाही, कारण तुमचा प्रवास न्यूअर्कहून सुरू होतो आणि त्यांचा मुंबईहून. त्यांचं मुंबई–न्यूअर्क–मुंबई असं वेगळं जायचं-यायचं तिकीट काढा आणि जाताना तुमचंच परतीचं विमान निवडा. आधी त्यांचा अमेरिकी व्हिसा हातात हवा. त्यांची परतीची तारीख बदलता येणारी घ्या. अमेरिकेत किती दिवस राहू देतात, ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. सहसा सहा महिने मिळतात, पण ते आधी गृहीत धरता येत नाही.

तिकीट काढल्यावर लगेच दोघांसाठी चाकाची खुर्ची मागा. बाबा म्हणतील, "मी रोज पर्वती चढतो, मला कशाला खुर्ची?" तरी मागा. दोह्यासारख्या विमानतळावर एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत अर्धा तास चाल असू शकते. शिवाय खुर्चीसोबत येणारा माणूस त्यांना तपासणीच्या रांगांमधून नेतो. तो बऱ्याचदा तुम्हा चौघांनाही सोबत घेतो, मग मुलं आजोबांच्या मांडीवर बॅग ठेवून पुढे पळतात.